लीड ६० रुपयांना, पण ॲडमिशन कितीला?

आजचा एपिसोड अशा सगळ्यांसाठी, जे इन्स्टाग्राम-फेसबुकवर स्वतःच्या पैशांनी जाहिरात चालवतायत आणि ज्यांच्या डोक्यात एकच प्रश्न आहे: बजेट वाढवू का? उत्तर गणितात आहे आणि गणित पाचवीच्या पातळीचं आहे. फक्त कुठला आकडा कशाने भागायचा, ते कळायला हवं.

एक उदाहरण घेऊ आणि शेवटपर्यंत तेच धरून ठेवू. समजा, नाशिकमध्ये एक ताई घरी केकचे क्लास घेतात. फी ४,००० रुपये. मैदा, बटर, क्रीम, डबे असा प्रत्येक विद्यार्थ्यामागे १,२०० रुपये खर्च. म्हणजे एका ॲडमिशनमागे हातात उरतात २,८०० रुपये. हा आकडा लक्षात ठेवा, कारण सगळा निर्णय यावरच होणार आहे.

पहिल्या महिन्यात ताईंनी जाहिरातीवर १२,००० रुपये घातले आणि २०० लोकांनी चौकशी केली. १२,००० भागिले २००, म्हणजे एक लीड ६० रुपयांना. कॉस्ट पर लीड म्हणतात ती हीच. Ads Manager मध्ये Cost per result या रकान्यात साधारण हेच दिसतं आणि बहुतेक जण इथेच खूश होतात. पण लीड म्हणजे फक्त नाव आणि नंबर. त्याने फी भरलेली नाही.

त्या २०० पैकी फी भरली १४ जणांनी. आता एक ग्राहक मिळवायला किती लागले? १२,००० भागिले १४ म्हणजे साधारण ८५७, असं पटकन वाटेल. थांबा! स्क्रीनवर Amount spent मध्ये जी रक्कम दिसते, तिच्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा जातो. ताईंची जीएसटी नोंदणी नाही, त्यामुळे तो परत मिळत नाही. म्हणजे २,१६० रुपये आणखी. रील शूट आणि एडिट करणाऱ्या मुलाला ३,००० दिले. लीड्सना फोन करायला एक मुलगी संध्याकाळी येते, तिला ३,८४०. सगळं मिळून झाले २१,०००. त्याला १४ ने भागा: १,५०० रुपये. ही खरी कस्टमर ॲक्विझिशन कॉस्ट, म्हणजे कॅक.

हे १४ मोजताना दोन गोष्टी सांभाळा. मैत्रिणीच्या सांगण्यावरून आलेल्यांना यात धरू नका. ॲडमिशन घेतानाच 'कुठून कळलं?' हे विचारून लिहून ठेवा. आणि २८ तारखेला आलेली लीड पुढच्या महिन्यात फी भरत असेल, तर ती ज्या महिन्यात आली त्याच महिन्यात मोजा. नाहीतर या महिन्याचा खर्च आणि भलत्याच महिन्याच्या ॲडमिशन, असा घोळ होतो.

तर २,८०० मधून १,५०० गेले, प्रत्येकामागे १,३०० उरले. १४ जणांचे १८,२०० रुपये. छान चाललंय. मग आता बजेट दुप्पट केलं तर कमाई दुप्पट? इथेच सगळे फसतात.

समजा, दुसऱ्या महिन्यात ताईंनी १२ चे २४ हजार केले. जीएसटीसकट २८,३२०. रीलचे तेच ३,०००. फोन वाढले म्हणून त्या मुलीला ६,०००. एकूण ३७,३२०. आणि ॲडमिशन झाल्या २०. कॅक काढा: १,८६६ रुपये. २,८०० पेक्षा अजूनही बराच कमी आहे. म्हणजे ठीकच आहे ना?

नाही. १,८६६ ही सरासरी आहे. पहिले १४ जण तर जुन्या बजेटमध्येही येतच होते. आपल्याला फक्त वाढीव पैशांचा हिशोब हवाय. खर्च वाढला १६,३२० रुपयांनी, ॲडमिशन वाढल्या ६. भागा: २,७२०! म्हणजे या प्रत्येक नव्या विद्यार्थ्यामागे उरले फक्त ८० रुपये. सहा जणांना शिकवलं, ओव्हन तेवढा जास्त चालला आणि महिन्याची कमाई १८,२०० वरून १८,६८० झाली. सहा जास्तीच्या विद्यार्थ्यांचे मिळून ४८० रुपये.

असं का होतं? ज्यांना केक शिकायची सगळ्यात जास्त शक्यता आहे, त्यांच्यापर्यंत जाहिरात आधी पोचते. शहर तेवढंच आहे. पैसे वाढवले की तीच जाहिरात त्याच लोकांना पुन्हा पुन्हा दिसते, किंवा कमी उत्सुक लोकांकडे जाते. Frequency नावाचा रकाना उघडून बघा. एका माणसाला जाहिरात सरासरी किती वेळा दिसली, ते तिथे कळतं. तो आकडा चढतोय आणि लीडही महाग होतेय, म्हणजे तुमचा परिसर भरत आलाय.

मग वाढवायचंच नाही का? वाढवायचं, पण आधी आत डोकावून बघायचं. ताईंच्या पहिल्या महिन्यात दोन कॅम्पेन होत्या. एकीत फेसबुकचाच तयार फॉर्म होता: ६,४०० रुपये, १६० लीड्स, म्हणजे ४० रुपयांना एक. दुसरीत बटण दाबलं की थेट व्हॉट्सॲप उघडायचं: ५,६०० रुपये, ४० लीड्स, म्हणजे १४० रुपयांना एक. लीडचा भाव बघून कोणीही दुसरी बंद करेल. पण ॲडमिशन बघा. फॉर्ममधून ६, व्हॉट्सॲपमधून ८. नुसत्या जाहिरातीचाच खर्च धरला तरी फॉर्मचा विद्यार्थी पडला १,०६७ ला आणि व्हॉट्सॲपचा ७०० ला. शिवाय फोन करणाऱ्या मुलीचा बहुतेक वेळ त्या १६० नंबरांवर गेला, तो वेगळाच.

कारण साधं आहे. तयार फॉर्ममध्ये नाव-नंबर आधीच भरलेले असतात, दोन टॅपमध्ये लीड होते. फोन केला की समोरून 'कुठला फॉर्म?' असं उत्तर येतं. फॉर्म ठेवायचाच असेल तर Higher intent हा प्रकार निवडा, त्यात पाठवण्याआधी माहिती पुन्हा तपासायला लावतात. फीसुद्धा फॉर्मवरच लिहा. लीड्स कमी होतील, महाग होतील, पण फोन उचलणारे असतील.

म्हणून ताईंचा पुढचा महिना असा असावा. नवीन पैसे घालायचेच नाहीत. फॉर्मचे १,४०० काढून व्हॉट्सॲपला द्यायचे, म्हणजे ५,६०० चे ७,०००. एकदम मोठी उडी नको, कारण बजेट खूप बदललं की कॅम्पेन परत Learning मध्ये जाऊ शकते आणि काही दिवस आकडे वरखाली होतात. आणि ६ विरुद्ध ८ हा फरक छोटा आहे, नुसता योगायोगही असू शकतो. दोन महिने तोच कल दिसला, तरच खिशातून जास्तीचे पैसे काढायचे. प्रत्येक वाढीनंतर प्रश्न एकच विचारायचा: वाढलेला खर्च भागिले वाढलेल्या ॲडमिशन, हे २,८०० च्या किती खाली आहे? ८० रुपयांनी असेल तर थांबा. हजारभराने असेल आणि बॅचमध्ये जागा असेल, तर पुढची पायरी चढा.

तुमच्या धंद्यात २,८०० च्या जागी कुठला आकडा येतो, तो आज काढा आणि कमेंटमध्ये लिहा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!