ॲल्युमिनियममधला बीटा कणांचा पल्ला



शाळेच्या प्रयोगशाळेत एका बाजूला स्ट्रॉन्शियम-९० चा सीलबंद स्रोत, समोर गायगर नळी, आणि मध्ये ॲल्युमिनियमचे पत्रे. एकेक पत्रा वाढवत जायचं आणि मिनिटाला किती कण नळीत पोचतात ते मोजायचं. मोजणी घटत घटत एका जाडीला थांबते. ती जाडी म्हणजे बीटा कणांचा पल्ला. त्यावरून सर्वांत वेगवान कणाची ऊर्जा काढता येते.

पल्ला मिलिमीटरमध्ये न सांगता दर चौरस सेंटिमीटरमागे किती ग्रॅम धातू आड आला, असा सांगतात. ॲल्युमिनियमची घनता २.७, म्हणून एक मिलिमीटर पत्रा म्हणजे ०.२७ ग्रॅम. समजा, मोजणी ३.६ मिलिमीटरला खोलीतल्या नेहमीच्या किरणांच्या मोजणीइतकी झाली. म्हणजे ०.९७२ ग्रॅम. नळीची अभ्रकाची खिडकी आणि मधली थोडी हवा यांचे ०.००६ धरले, की ०.९७८. आता फेदर यांचा नियम: पल्ल्यात ०.१६ मिळवा आणि ०.५४३ ने भागा. उत्तर येतं सुमारे २.१ एमईव्ही, म्हणजे २१ लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट. हा नियम ०.८ एमईव्हीच्या वरच्या ऊर्जांनाच लावायचा.

पुस्तकात मात्र आकडा आहे २.२८. तोही स्ट्रॉन्शियमचा नव्हे, त्यापासून बनणाऱ्या यिट्रियम-९० चा! स्ट्रॉन्शियमच्या स्वतःच्या कणांची कमाल ऊर्जा ०.५५ च्या आसपास. ते पहिल्या पाऊण मिलिमीटरातच संपतात. आलेखाची सुरुवात जास्त उतरती दिसते ती त्यामुळे.

मग आपलं उत्तर कमी का आलं? बीटा ऱ्हासातली ऊर्जा इलेक्ट्रॉन आणि प्रतिन्यूट्रिनो वाटून घेतात. जवळजवळ सगळी ऊर्जा इलेक्ट्रॉनलाच मिळाली, असं क्वचितच घडतं. त्यामुळे चार मिलिमीटरपर्यंत पोचणारे कण इतके थोडे, की खोलीच्या मोजणीत ते हरवतात. मिनिटाला २५ अशी ती मोजणी असेल, तर एका मिनिटात पाचेक इकडेतिकडे होणारच. तेच दहा मिनिटं मोजलं, तर २५० मध्ये सोळाचा फरक, म्हणजे मिनिटाला दीडपेक्षा थोडा जास्त. बहुतेक मुलं सुरुवातीच्या मोठ्या आकड्यांवर वेळ घालवतात आणि शेवटचे पत्रे घाईने उरकतात. माझ्या मते हे नेमकं उलट व्हायला हवं.

आणखी एक खोच आहे. इलेक्ट्रॉन धातूत थबकताना थोडे क्ष-किरण सोडतात, आणि ते पुढे नळीत पोचतात. म्हणून सहा मिलिमीटरचे पत्रे लावूनही मोजणी खोलीच्या आकड्याहून किंचित वर राहते, आणि आणखी पत्रे लावले तरी फारशी हलत नाही. असं दिसलं, तर खोलीचा आकडा नव्हे, सहा मिलिमीटरमागचा हा आकडा प्रत्येक मोजणीतून वजा करावा, आणि मग आलेख काढावा.