अकराची मुलाखत



आज एकाच गोष्टीबद्दल बोलणार आहे. पृथ्वीवर उल्का आदळणार आहे, अशी कथा वाचताना वाचक श्वास रोखून धरतो, आणि एका बाईची नोकरीची मुलाखत हुकली, हे वाचून मात्र तो पान उलटतो. असं का होतं आणि ते कसं टाळायचं?

खरं तर लहान संकटाच्या बाजूने एक मोठी गोष्ट असते. पृथ्वी बहुधा वाचणार, हे वाचकाला ठाऊक असतं. मुलाखत मात्र खरोखर हुकू शकते, कारण ती हुकवायला लेखकाला काहीच अडचण नसते. ही खरी धास्ती आपल्या हातात असूनही आपण ती वापरत नाही. प्रसंग लहान वाटला की आपण त्याला फुगवायला जातो. आईचं ऑपरेशन जोडतो, सावकार दारात उभा करतो. मग वाचकाला आईची काळजी वाटू लागते आणि मुलाखत बाजूला पडते. आपल्या कथेत हे घडलंय का, हे ओळखणं सोपं आहे. मुलाखतीच्या जागी हरवलेलं पाकीट ठेवून पाहा. कथा तशीच चालली, तर मुलाखतीला तिच्यात जागाच नव्हती.

व्हित्तोरिओ दे सिका यांचा १९४८चा ‘बायसिकल थीव्ज’ तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. युद्धानंतरच्या रोममध्ये अंतोनिओ रिच्चीला भिंतींवर पोस्टर चिकटवण्याचं काम मिळतं. त्यासाठी सायकल हवी, आणि ती गहाण पडलेली. त्याची बायको मारिया पलंगावरच्या चादरी काढते आणि त्या गहाण ठेवून सायकल सोडवून आणते. त्या दुकानातला माणूस तिच्या चादरींचं गाठोडं घेऊन उंच मांडणीवर चढतो, तेव्हा तिथे छतापर्यंत रचलेली इतरांची गाठोडी आपल्याला दिसतात. सायकल चोरीला जायच्या आधीच तिच्यासाठी काय मोजलं गेलंय, हे आपल्याला कळलेलं असतं. चोरी होते ती कामाच्या पहिल्याच दिवशी. पोलिसांसाठी ती एक सायकल असते. आपल्यासाठी त्या क्षणी चादरीही गेलेल्या असतात. एकही विशेषण न वापरता हे साधलंय, फक्त चादरी आधी दाखवल्या म्हणून.

आता आपली मुलाखत घ्या. समजा, आसनगावची एक सून आहे, सुनंदा. दादरला एका पतपेढीत कारकुनाच्या जागेसाठी अकरा वाजता मुलाखत. ती घरात कोणाला सांगू शकत नाही. फक्त जाऊबाईंना माहीत आहे. त्यांनी सासूबाईंना सांगितलंय की सुनंदा माहेरच्या हळदीकुंकवाला गेलीय. तिच्या वाटचं पाणी भरणं, डबे करणं अंगावर घेतलंय आणि स्वतःची चांगली साडी नेसायला दिलीय. या आहेत इथल्या चादरी. कथेच्या पहिल्या दीड पानात त्या आल्याच पाहिजेत, आणि सहज आल्या पाहिजेत. साडीला पिन लावताना जाऊबाई ‘काठ सांभाळ गं’ म्हणतात, एवढं पुरे.

अशा कथेत लेखक बहुधा वयोमर्यादा घालतात, म्हणजे पुढच्या महिन्यात वय उलटणार. मला ते कमकुवत वाटतं. तो नियम बाहेरून आलेला असतो. जाऊबाईंकडे असा उपकार दुसऱ्यांदा मागता येणार नाही, हा नियम घरातूनच आलेला आहे. दुसरी संधी त्यानेच बंद होते, आणि जास्त घट्ट बंद होते.

कल्याण सुटल्यावर ठाकुर्लीच्या अलीकडे लोकल थांबते. सव्वानऊ वाजलेत. इथे घड्याळ पुनःपुन्हा दाखवू नका. दादर किती लांब आहे, हे वाचकाला एकदा कळलं की हिशेब तोच करतो. पण सुनंदा नुसती बसून राहिली, तर कथाही त्या लोकलसारखी थांबेल. पुरुष उड्या मारून रुळांवरून चालू लागतात. तिने उतरावं का? उतरली तर खडीत साडी मळेल, काठ उसवेल, आणि ती साडी परत द्यायचीय. न उतरली तर अकरा चुकणार. दोन्हीकडे काहीतरी जाणार. अशा ठिकाणी वाचक पान उलटतो, पण ते पुढे काय होतं हे जाणून घेण्यासाठी.

ती उतरते. तरीही पोचते ती पावणेबाराला. मुलाखती संपलेल्या असतात. आपल्याकडच्या बऱ्याच कथा इथे संपतात. माझा या शेवटाला ठाम विरोध आहे. दे सिका तिथे थांबले नाहीत. सायकल सापडत नाही म्हटल्यावर रिच्ची स्वतःच दुसऱ्याची सायकल चोरायला जातो, आणि त्याचा मुलगा ते पाहतो. हानी केवढी होती, हे माणूस तिच्यापायी काय करून बसतो, यावरून कळतं.

म्हणून सुनंदाला घरी आणा. जाऊबाई मोरीत भांडी घासताहेत. त्या हळूच विचारतात, ‘झाली?’ आणि सुनंदा म्हणते, ‘झाली. बरी झाली.’ मळलेल्या काठाचं कारणही तिला आता खोटंच सांगावं लागतं. ज्या एका माणसाशी ती खरं बोलत होती, त्या माणसाशीही आता खोटं बोलून झालंय. जाऊबाई निकालाची वाट पाहू लागतात, तिच्या पगारातून मुलीच्या क्लासची फी भरायचा बेत करू लागतात, आणि कथेचा दुसरा भाग इथून सुरू होतो.