एका आवर्तनात दोन बिट्स



रायपूरच्या संगणक-दुकानातून घेतलेल्या मेमरीच्या पट्टीवर ३२०० हा आकडा छापलेला असतो. घरी येऊन तीच पट्टी CPU-Z या प्रोग्रॅमने तपासली, की पडद्यावर सुमारे १६०० मेगाहर्ट्झ दिसतात. आकडा निम्मा पाहून ग्राहकाला फसगतीची शंका येते. वस्तुतः दोन्ही आकडे खरे आहेत. क्लॉक-संकेताची आवर्तने सेकंदाला १६० कोटी होतात आणि प्रत्येक डेटा-तारेवरून ३२० कोटी बिट्स जातात.

क्लॉक-संकेत म्हणजे तारेवर अखंड वरखाली होणारा विद्युत्दाब. जुन्या मेमरीत हा दाब चढताना, म्हणजे चढत्या कडेला, एक बिट घेतला जाई. उतरती कड वाया जाई. त्यामुळे एका आवर्तनात क्लॉकची तार दोनदा बदले, तर डेटाची तार फार तर एकदाच. वेग वाढवू जाता क्लॉकचीच तार आधी मर्यादेला पोहोचे आणि डेटाच्या तारा निम्म्या क्षमतेवर राहत. जून २००० मध्ये जेडेक या संस्थेने प्रसिद्ध केलेल्या डीडीआर मानकात दोन्ही कडा वापरात आल्या. झोका पूर्वीच्याच लयीत राहिला. देवाणघेवाण मात्र पुढच्या टोकाबरोबर मागच्या टोकालाही होऊ लागली.

याची किंमत वेळेत मोजावी लागते. त्या पिढीतील डीडीआर-४०० मेमरीचे उदाहरण घेऊ. तिचा क्लॉक २०० मेगाहर्ट्झचा, म्हणजे एक आवर्तन ५ नॅनोसेकंदांचे. प्रत्येक बिटाच्या वाट्याला २.५ नॅनोसेकंद येतात. परंतु झोक्याची दोन्ही अर्धी तंतोतंत सारखी नसतात. एकाच कडेवर काम चाले तेव्हा ही विषमता बाधत नसे, कारण एका चढत्या कडेपासून पुढच्या चढत्या कडेपर्यंतचे अंतर तेच राही. आता मात्र लहान अर्ध्यातील बिटाला कमी वेळ मिळतो. नियमानुसार लहान अर्धे आवर्तनाच्या ४५ टक्क्यांपर्यंत चालते, म्हणजे २.२५ नॅनोसेकंद. शिवाय एखादा बिट ०.४ नॅनोसेकंद उशिरा स्थिरावू शकतो आणि ०.५ नॅनोसेकंद आधीच मावळू शकतो. अडीचपैकी खात्रीचे उरतात १.३५ नॅनोसेकंद. वाचणाऱ्या मंडलाने त्याच अवधीत बिट टिपायचा असतो.

तो टिपायचा कोणत्या क्षणी? मदरबोर्डवरची दहा सेंटिमीटर वाट ओलांडायलाच संकेताला साधारण ०.६ ते ०.७ नॅनोसेकंद लागतात. मध्यवर्ती क्लॉककडे पाहून हा क्षण ठरवला, तर जाण्यायेण्यातच खात्री हरवते. म्हणून डेटाच्या आठ तारांसोबत स्ट्रोब नावाचा एक सोबती-संकेत धाडला जातो. तोही त्याच वाटेने येतो. उशीर झाला तर दोघांनाही सारखाच होतो. वाचताना स्ट्रोबची कड बिटाच्या कडेबरोबरच येते. मेमरी-कंट्रोलर तिला पाव आवर्तन, येथे १.२५ नॅनोसेकंद, थोपवून धरतो आणि बिटाच्या मध्यावर आणतो. लिहिताना मात्र तो स्ट्रोब आधीच मध्यावर ठेवून पाठवतो. या सोबतीसाठी वाटा समान लांबीच्या हव्यात. मदरबोर्डवर प्रोसेसर आणि मेमरी यांच्यामध्ये दिसणाऱ्या नागमोडी रेषा त्यासाठीच असतात. जवळच्या तारेला मुद्दाम वळसे देऊन ती लांबच्या तारेइतकी केलेली असते.

३२०० च्या पट्टीत एका बिटाला जेमतेम ०.३१ नॅनोसेकंद मिळतो. एवढ्या अरुंद अवधीचा मध्य आराखड्यावरून आधी सांगता येत नाही. म्हणून संगणक सुरू होताना कंट्रोलर ठरावीक नमुना पुन्हा पुन्हा वाचतो, स्ट्रोब थोडा थोडा सरकवतो, दोन्ही बाजूंना चुका कोठे सुरू होतात ते पाहतो आणि त्यांच्या मध्यावर स्थिरावतो. नवी पट्टी बसवल्यावर पहिल्यांदा पडदा बराच वेळ काळा राहतो, त्याचे एक कारण हेच.

उष्णतेने मंडलांतील विलंब किंचित बदलतात. अवधीत मुळातच शिल्लक कमी असेल, तर सकाळी बिनतक्रार चालणारा संगणक मे महिन्यातील रायपूरच्या दुपारी अकारण बंद पडू शकतो. दोष कशाचा, हे ओळखण्याची एक सोपी खूण आहे. MemTest86 ही चाचणी छापील वेगावर चुका दाखवते आणि बायोसमध्ये वेग एक पायरी उतरवताच त्या नाहीशा होतात, तर वेळेची शिल्लक संपली असे समजावे. बहुधा मेमरीचे पेशीकोश शाबूत असतात. वेग कोणताही असो, चूक त्याच पत्त्यावर येत राहिली, तर तेथील पेशीकोशच निकामी आहे आणि पट्टी बदलण्यावाचून उपाय नाही.

दोन्ही कडा वापरल्याने पहिला बिट लवकर येत नाही, हेही ध्यानात ठेवावे. मेमरीचे पेशीकोश पूर्वीइतकाच वेळ घेतात. आतून एकाच खेपेस अनेक बिट्स काढून ठेवलेले असतात आणि तारेवरून ते दुप्पट भराभर बाहेर पडतात, इतकेच.