देणाऱ्याचा नकार



1954 सालच्या डिसेंबरात अमेरिकेतल्या बोस्टन शहरात, पीटर बेंट ब्रिगहॅम रुग्णालयात, 23 वर्षांचे दोन जुळे भाऊ शस्त्रक्रियेची वाट पाहत होते. रिचर्ड हेरिकची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. रोनाल्ड ठणठणीत होता आणि आपलं एक मूत्रपिंड भावाला द्यायला तयार झाला होता. जोसेफ मरे या शल्यविशारदाने 23 डिसेंबरला ही शस्त्रक्रिया केली. माणसाच्या मूत्रपिंडाचं दीर्घकाळ टिकलेलं ते पहिलं प्रत्यारोपण. रिचर्ड त्यानंतर आठ वर्षं जगला, त्याने लग्न केलं, त्याला मुली झाल्या. मरे यांना पुढे 1990 मध्ये नोबेल पारितोषिक मिळालं.

वैद्यकाच्या इतिहासात ही गोष्ट नेहमी सांगितली जाते. मला तिच्यातली शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्रीची एक घटना महत्त्वाची वाटते. रिचर्डने भावाला एक चिठ्ठी पाठवली: इथून निघ आणि घरी जा. रोनाल्डने उलट निरोप दिला, की मी आलोय आणि मी थांबणार आहे. ज्याचा जीव जाणार होता, त्यानेच देणाऱ्याला मोकळं केलं होतं. रोनाल्ड त्या रात्री घरी गेला असता, तर त्याला दोष द्यायला निदान रिचर्ड तरी पुढे आला नसता.

डॉक्टरही अस्वस्थ होते. निरोगी माणसाच्या शरीरावर, त्याचा स्वतःचा काहीही फायदा नसताना, सुरी चालवायची, हे त्यांच्या शिकवणुकीच्या उलट होतं. त्यांनी इतर डॉक्टरांचा, कायदेतज्ज्ञांचा, वेगवेगळ्या धर्मांच्या पुरोहितांचा सल्ला घेतला. पुढे माझी तब्येत बिघडली तर रुग्णालय माझी जबाबदारी घेईल का, असं रोनाल्डने विचारलं, तेव्हा तशी हमी देता येणार नाही, असं त्याला स्पष्ट सांगितलं गेलं. मात्र तुला गरज पडली तर या खोलीतलं कुणी पाठ फिरवेल असं तुला वाटतं का, असंही डॉक्टरांनी त्याला विचारलं.

आजच्या भाषणाचा विषय हाच आहे. कौतुकाला पात्र असलेलं, पण कुणीही मागू शकत नाही असं चांगलं कृत्य.

या घटनेनंतर चार वर्षांनी, 1958 मध्ये, जे. ओ. अर्म्सन या इंग्रज तत्त्वज्ञाने संत आणि वीर यांच्याविषयी एक छोटा निबंध लिहिला. तोवर नीतिशास्त्रात कृतींचे तीन कप्पे मानायची पद्धत होती: करायलाच हवं ते, करू नये ते, आणि केलं काय न केलं काय, सारखंच असं. अर्म्सन म्हणाला, यात एक जागा राहून गेली आहे. हातबॉम्ब फेकण्याचा सराव चाललेला असताना एक बॉम्ब हातातून निसटतो, आणि सोबत्यांना वाचवण्यासाठी एक सैनिक त्याच्यावर स्वतःला झोकून देतो. त्याने तसं केलं नसतं तर त्याला कुणी कर्तव्यचुकार म्हटलं नसतं. तू उडी घे, असा हुकूम कोणताही अधिकारी सभ्यपणे देऊ शकला नसता. पण म्हणून त्याची कृती केली काय न केली काय सारखीच, असं म्हणणं तर वेडेपणाचं होईल.

अर्म्सनची कसोटी मला आवडते, कारण ती किती त्याग केला हे मोजत बसत नाही. ती विचारते, हे मागायचा हक्क कुणाला होता का? घेतलेलं कर्ज फेडणं मला कितीही जड गेलं तरी ते कर्तव्यच, कारण सावकार ते मागू शकतो. उलट एखादं कृत्य करणाऱ्याला फारसं जड गेलं नसेल, तरी ते कुणी मागू शकत नसेल, तर ते देणं आहे.

या कसोटीवर एक जोरदार आक्षेप आहे, आणि तो एका माणसाने स्वतःच्या शरीराने मांडला. फिलाडेल्फियाच्या झेल क्रॅविन्स्की यांनी मालमत्तेच्या व्यवसायात मिळवलेली बहुतेक सगळी संपत्ती दान केली, आणि 2003 मध्ये एका पूर्णपणे अनोळखी व्यक्तीला आपलं मूत्रपिंड दिलं. घरच्यांचा विरोध होता. क्रॅविन्स्कींचं गणित असं होतं: या शस्त्रक्रियेत दात्याचा जीव जाण्याची शक्यता चार हजारांत एक. म्हणजे मी मूत्रपिंड दिलं नाही, तर माझा जीव मी त्या माणसाच्या जिवाच्या चार हजारपट मोलाचा धरला. त्यांच्या लेखी हे औदार्य नव्हतं, साधा न्याय होता.

आकडा काही भलता नाही. अमेरिकेत दात्यांच्या मोठ्या पाहणीत शस्त्रक्रियेनंतरच्या तीन महिन्यांतल्या मृत्यूंचं प्रमाण दहा हजारांत साधारण तीन निघालं. उरलेलं मूत्रपिंड आकाराने वाढतं आणि बरंचसं काम अंगावर घेतं. पुढे आयुष्यात मूत्रपिंड निकामी होण्याचा धोका निरोगी माणसापेक्षा थोडा वाढतो, पण तो मुळात फार कमी असतो. तरीही क्रॅविन्स्कींचं गणित मला पटत नाही. त्यांनी ते स्वतःला लावलं, तोवर ते थोर आहे. तेच गणित घेऊन ते शेजाऱ्याच्या दारात गेले असते आणि म्हणाले असते, काढ तुझं मूत्रपिंड, तर? धोका लहान आहे एवढ्यावरून मागायचा हक्क तयार होत नाही.

हा प्रश्न एकदा खरोखर न्यायालयात गेला. 1978 साली पिट्सबर्गमध्ये मॅकफॉल नावाच्या माणसाला रक्त तयार होणंच थांबवणारा अस्थिमज्जेचा आजार झाला. नातेवाइकांच्या तपासण्या झाल्या. शिम्प हा त्याचा भाऊबंद जुळण्याची शक्यता दिसली. पहिल्या तपासणीला शिम्प तयार झाला, पुढच्या तपासण्यांना मात्र त्याने नकार दिला. अस्थिमज्जा मूत्रपिंडासारखी कायमची जात नाही, शरीर ती पुन्हा तयार करतं. मॅकफॉलने न्यायालयात धाव घेतली: याला मज्जा द्यायला लावा. न्यायाधीश फ्लॅहर्टी यांनी नकार दिला. शिम्पचं वागणं नैतिकदृष्ट्या समर्थनीय नाही, असं त्यांनी निकालात नोंदवलं. पण एका माणसाच्या शरीरात दुसऱ्यासाठी सक्तीने सुई घालणारा कायदा कुठे जाऊन थांबेल, याची त्यांना धास्ती वाटली. निकालानंतर काही दिवसांतच मॅकफॉल वारला.

इथे मी न्यायाधीशांशी अर्धाच सहमत आहे. सक्ती करता येत नाही, हे बरोबर. पण शिम्पला दोषी ठरवताना त्यांनी शरीराचं दान सरळ कर्तव्याच्या यादीत टाकलं. शिम्पने आशा दाखवून माघार घेतली, याचं मला वाईट वाटतं. तरीही भूल, सुया, शरीरातून काही काढून घेतलं जाण्याची भीती, या गोष्टी कुणासाठी किती मोठ्या असतात हे बाहेरून मोजता येत नाही.

प्रत्यारोपण करणाऱ्या डॉक्टरांनी हे अनुभवातून ओळखलं, आणि तत्त्वज्ञांची वाट न पाहता एक रीत पाडली. दात्याला रुग्णापासून आणि नातेवाइकांपासून वेगळं, एकटं भेटायचं. रक्तदाब, क्रिएटिनिन, रक्तवाहिन्यांचं सीटी स्कॅन या तपासण्यांबरोबर, तुम्हाला हे मनापासून करायचंय का, हेही विचारायचं. शस्त्रक्रियेच्या टेबलावर जाईपर्यंत माघार घेता येते, हे सांगायचं. आणि त्याने माघार घेतली, तर घरच्यांना एवढंच कळवायचं: दाता योग्य ठरला नाही. कारण द्यायचं नाही. काही डॉक्टर पूर्वी खोटं वैद्यकीय कारण सांगत. त्याला आक्षेप घेतला गेला, आणि तो रास्त होता, कारण खोटा आजार दात्याच्या कागदपत्रांत कायमचा जाऊन बसतो. पण ‘योग्य ठरला नाही’ हे खोटं नाही. ज्याचं मन तयार नाही, तो दाता म्हणून योग्य नाहीच. अर्म्सनने निबंधात जे सांगितलं, ते इथे एका वाक्यात अमलात येतं: नकार देणाऱ्याला कुणीही जाब विचारू शकणार नाही अशी सोय.

आता आपल्याकडे येऊ. भारतात मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा 1994 मध्ये झाला. जवळचं नातं नसलेल्या माणसाने केवळ आपुलकीपोटी अवयव द्यायचा म्हटलं, तर त्याला प्राधिकार समितीसमोर जावं लागतं. पैशाचा व्यवहार झालेला नाही ना, हे समिती तपासते. मूत्रपिंडांच्या बाजाराचा आपला इतिहास पाहता ही चाळणी गरजेची आहे. नवरा, बायको, आई, बाप, मुलं, भावंडं यांच्या बाबतीत मात्र मुख्य भर असतो तो नातं खरं आहे का यावर. त्यासाठी लग्नाचा दाखला, रेशनकार्ड, आधार, गरज पडली तर जनुकीय चाचणी. मला वाटतं, इथेच डोळ्यात तेल घालून पाहायला हवं. परक्या माणसावर पैशाचा दबाव येतो, घरच्या माणसावर प्रेमाचा आणि लाजेचा.

भारतात जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत बहुसंख्य स्त्रिया आहेत, आणि अवयव मिळणाऱ्यांत बहुसंख्य पुरुष. नवरा आजारी पडला की बायकोच्या तपासण्या आधी होतात. तो कमावता आहे, असं म्हणतात. कुणी तिला ‘दे’ असं म्हणतही नाही. सगळे तिच्याकडे पाहतात, एवढं पुरतं. यांतल्या कितीतरी बायका मनापासून देतात, आणि ते देणं थोर आहे, याविषयी माझ्या मनात शंका नाही. पण बाहेरून पाहणाऱ्याला मनापासून दिलेलं आणि नाइलाजाने दिलेलं सारखंच दिसतं. सहीही सारखीच असते.

म्हणून 2014 च्या नियमांतला एक छोटा नियम सगळ्यांना माहीत असावा असं मला वाटतं. दाता स्त्री असेल तर अधिक काळजी घ्यावी, आणि तिची ओळख व तिची स्वतंत्र संमती रुग्णाखेरीज दुसऱ्या व्यक्तीकडून पडताळून घ्यावी, असं तो सांगतो. तो नीट पाळला गेला का, हे ओळखण्याच्या खुणा साध्या आहेत. तिला विचारलं तेव्हा खोलीत सासरचं किंवा माहेरचं कुणी होतं का? ती बोलते त्या भाषेत विचारलं का? धोका आकड्यांत आणि सोप्या शब्दांत सांगितला का? विचार करायला मध्ये दिवस दिले, की त्याच बैठकीत सही घेतली? आणि सगळ्यांत महत्त्वाचं, तिने नाही म्हटलं तर घरी काय सांगितलं जाईल, हे तिला आधी सांगितलं का? हा शेवटचा प्रश्न राहून गेला असेल, तर बाकीची उत्तरं फारशी कामाची नाहीत, कारण नकाराची किंमत काय पडेल हे माहीत नसलेली बाई ‘हो’च म्हणणार.

मूत्रपिंड दिलेल्या माणसांशी बोललं की बहुतेक जण एकच गोष्ट सांगतात: यात मी विशेष काय केलं, करायलाच हवं होतं. अर्म्सननेही वीरांच्या तोंडच्या या बोलण्याची दखल घेतली होती. वीराने स्वतःवर असं कर्तव्य घालून घ्यावं, पण ते दुसऱ्यावर कुणी घालू शकत नाही, असं त्याचं उत्तर होतं. दात्याचे हे शब्द नातेवाइकांनी पुढच्या घरातल्या पुढच्या सुनेला ऐकवले, की त्यांचा अर्थ उलटा होतो. प्रत्यारोपण समन्वयकांनी दात्यांचे अनुभव नव्या कुटुंबांना जरूर सांगावेत. पण त्याच बैठकीत, तपासण्या पूर्ण करून शेवटी माघार घेतलेल्या माणसाचीही हकिगत, नाव न सांगता, तितक्याच आदराने सांगावी.