श्रद्धांजलीच्या सभेत काय बोलावं?

मंडळी, आपल्या कसमादेत, म्हणजे कळवण, सटाणा, मालेगाव आणि देवळ्यात, गावोगावी फौजेत गेलेली पोरं आहेत. त्यातला एखादा तिरंग्यात परत येतो. काही दिवसांनी गाव पटांगणात श्रद्धांजली सभा भरवतं आणि त्याचं घर पहिल्या रांगेत बसतं. आज मला त्या सभेबद्दल बोलायचं आहे.

देवळ्याशेजारच्या मालेगाव तालुक्यातले साकुरीचे नायक सचिन मोरे जून 2020 मध्ये गलवान खोऱ्यात गेले. नदीत पडलेल्या सहकाऱ्यांना वाचवताना त्यांचा प्राण गेला. त्याच महिन्याच्या 15 तारखेला त्याच खोऱ्यात चिनी सैनिकांशी झटापट होऊन आपले 20 जवान गेले होते. अशा वेळी माईक हातात आलेल्या माणसाला 'शत्रूला पाणी पाजून गेले' असं म्हणून टाळी घेणं फार सोपं असतं. पण बुडणाऱ्या साथीदारांसाठी माणूस बर्फाच्या पाण्याशी झुंजला, ही खरी गोष्ट आहे आणि ती जशीच्या तशी सांगावी. त्यात भर घातली की आपण त्याचं खरं काम पुसतो. घरच्यांना तर ते लगेच कळतं, कारण पलटणीतल्या सोबत्यांनी त्यांना सगळं सांगितलेलं असतं.

म्हणून सभेआधी गावातल्या एखाद्या माजी सैनिकानं घरी जाऊन एक कागद तयार करावा. पूर्ण नाव, हुद्दा, पलटण, कोणत्या साली भरती झाला, कुठे कुठे राहिला, नेमकं काय काम करत होता, एवढंच. फौजेनं जे जाहीर केलेलं नाही, ते विचारू नये आणि बोलूही नये. लिहून झालं की घरच्यांना वाचून दाखवावं आणि सभेत तेच वाचावं. दहा वक्त्यांपेक्षा असं एक पान पुरतं.

फलकाचंही तसंच. जवानाच्या फोटोपेक्षा शुभेच्छुकांचे फोटो मोठे, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. फलकावर जवानाचाच फोटो असू द्या. शवपेटीवरचा तिरंगा अग्नी देण्याआधी काढून, घडी करून घरच्यांच्या हाती दिला जातो. तो त्यांचा आहे. सभेत दाखवायला तो मागू नका.

आता वीरपत्नीबद्दल. तिला व्यासपीठावर बोलावतात, साडी-चोळी देतात, आणि कुंकवाचा करंडा पुढे आला की ओवाळणारी बाई अडखळते. हजार माणसांसमोर तो हात थांबतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं 4 मे 2022 रोजी विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं बंद करायचं त्या गावानं ठरवलं. त्याच महिन्यात राज्य सरकारनं हा कित्ता इतर ग्रामपंचायतींपुढे ठेवला. आपल्या ग्रामसभांनी तो ठराव दुःख दारात येण्याआधीच करावा. अंत्ययात्रेच्या दिवशी वाद घालायला कोणालाच बळ नसतं. आणि तिला काय हवं, हे तिलाच विचारावं. तिला मंचावर यायचं नसेल, तर तिला तिच्या जागीच बसू द्या.

पैशांची घोषणा तर माईकवरून मुळीच करू नये. कुटुंब निवृत्तिवेतनाचा पहिला हक्क साधारणपणे पत्नीचा असतो. म्हातारे आईबाप मुलाच्याच पगारावर असतात. भर सभेत रक्कम पुकारली की कोणाला किती, ही चर्चा पारावर सुरू होते आणि एका घरात दोन चुली पडतात. मदत द्यायचीच तर घरात बसून, दोन्ही बाजूंना समोर बसवून, धनादेशानं द्या. सत्कारही आईबापाचा आणि पत्नीचा एकाच वेळी, एकाच मानानं करा.

सभा संपली, तेरावा झाला, पाहुणे गेले की खरी अडचण पुढे येते. लग्नात आपल्याकडे मुलीचं नाव बदलतात. सैन्याच्या नोंदीत एक नाव, आधार कार्डावर दुसरं, बँकेच्या पासबुकात तिसरं. एवढ्यानं कागद रेकॉर्ड ऑफिसातून परत येतो. विवाह नोंदणीचा दाखला नसेल तर आणखी खोळंबा होतो. तेवीस-चोवीस वर्षांची बाई, कडेवर पोर, आणि प्रत्येक खिडकीवर तिला नवरा कसा गेला ते पहिल्यापासून सांगावं लागतं.

तेव्हा माझी देवळ्याला विनंती आहे. पुढच्या ग्रामसभेत दोन माणसांची नावं ठरवा, एक माजी सैनिक आणि एक शिकलेली बाई. असा प्रसंग आलाच, तर नाशिकच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात आणि बँकेत त्या घरासोबत जायचं काम त्यांचं. आणि ज्यांची मुलं आज नोकरीवर आहेत, त्यांनी या आठवड्यात सुनेचं नाव सगळ्या कागदांवर एकच आहे का, ते पाहून घ्यावं.