“काहीतरी आयडिया पाठव ना”: मग किती पाठवायच्या?

आजचा विषय छोटा आहे, पण आपल्या सगळ्यांच्या व्हॉट्सॲपवर रोज येणारा.

समजा, वसमतहून मावसभावाचा मेसेज आलाय: “दादा, हळदीत काहीतरी करायचंय. आयडिया पाठव ना.” एवढंच. किती आयडिया, ते नाही. खिशात किती पैसे आहेत, वेळ किती आहे, ते पण नाही. तुम्ही काय करता? बहुतेकजण गोल आकडा धरतात, दहा. आणि दहा भरायच्या म्हणून भरतात.

आपण खरंच दहा लिहून बघू. हळदीची पूड करून विकणं. पूड ऑनलाइन विकणं. किराणा दुकानांना छोटी पाकिटं देणं. दिवाळीचे गिफ्ट बॉक्स. सेंद्रिय पूड. कुंकू. हळद शिजवायचा कुकर भाड्याने देणं. पॉलिशचं मशीन टाकणं. बेणं विकणं. वाळलेली हळद साठवून भाव आल्यावर विकणं. झाल्या दहा.

आता प्रत्येकीला एकच प्रश्न विचारा: हे करायला भावाला नेमकं काय लागेल? पहिल्या सहांचं उत्तर जवळपास एकच येतं. हळदीवर प्रक्रिया करायची, पाकीट भरायचं आणि वर्षभर गिऱ्हाईक शोधत फिरायचं. म्हणजे ती एकच आयडिया आहे, सहा वेळा लिहिलेली. कुकर आणि पॉलिश हीसुद्धा एकच: दुसऱ्याच्या हळदीवर काम करून मजुरी घ्यायची. त्यात सुरुवातीलाच मशीनचा पैसा लागतो, आणि काम काढणीनंतरचे थोडेच महिने असतं. बेण्याला पैसा कमी लागतो, पण निरोगी पीक हवं आणि लागवडीच्या वेळी लोकांचा विश्वास हवा. साठवणुकीत कष्ट कमी, पण पैसा अडकतो आणि भाव पडलाही तर सोसावं लागतं.

दहाच्या चार झाल्या. चार हा आकडा मी आधी ठरवला नव्हता. वेगळ्या वाटा संपल्या तिथे यादी थांबली. पुढची आयडिया आधीच्याच एखादीचं दुसरं नाव वाटायला लागली, की थांबायचं.

पण जास्त दिल्या तर बिघडतं काय? २००० साली शीना अय्यंगार आणि मार्क लेपर यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. कॅलिफोर्नियातल्या एका दुकानात त्यांनी कधी २४ प्रकारचे जॅम चाखायला ठेवले, कधी ६. चोवीस बघायला गर्दी जास्त थांबली. पण थांबलेल्यांपैकी विकत घेतला साधारण ३ टक्के लोकांनी. सहावाल्या टेबलावर हाच आकडा ३० टक्के होता. हे ऐकून लगेच “कमी म्हणजे चांगलं” असा नियम करू नका. २०१० मध्ये अशा बऱ्याच प्रयोगांची एकत्र सरासरी काढली, तेव्हा परिणाम जवळपास शून्य निघाला. काही ठिकाणी जास्त पर्यायांनी त्रास होतो, काही ठिकाणी नाही. त्रासाची शक्यता तेव्हा वाढते, जेव्हा आपल्याला नक्की काय हवंय हे माणसाला माहीतच नसतं.

आणि आपला भाऊ अगदी तिथेच उभा आहे. निकष त्याने लपवलेला नाही, त्याचा अजून ठरलेलाच नाही. “बजेट किती?” असं आधी विचारलं तर बऱ्याचदा “बघू ना” एवढंच उत्तर येतं. पण चार वेगळ्या वाटा दिल्या, प्रत्येकीसोबत पैसा, वेळ आणि धोका एकेका ओळीत लिहिला, की तो म्हणतो, “मशीन नको दादा, कर्ज काढायचं नाहीये.” मिळाला निकष! आता पूड किंवा बेण्याच्या पोटातल्या पाच-सहा आयडिया खुशाल द्या. छोटी पाकिटं, गिफ्ट बॉक्स हे सगळं या दुसऱ्या यादीत शोभतं.

प्रत्येक वेळी आकडा चारच येईल असं नाही. त्याच भावाने पाकिटावर टाकायला नावं मागितली, तर पंधरा-वीस द्या. नाव वाचायला एक सेकंद लागतो, नाकारायला तेवढाही नाही. धंद्याची आयडिया तोलायला मात्र आख्खी संध्याकाळ जाते. एक आयडिया तपासायला समोरच्याला जितका वेळ लागतो, तितकी यादी आखूड.

यादी जमली की नाही, हे उत्तरावरून कळतं. “सगळ्याच भारी आहेत” आणि मग दोन आठवडे शांतता, म्हणजे यादी लांबली किंवा सगळं एकसारखं होतं. “तिसरं जमेल, पण बेणं ठेवायचं कुठं?” असं आलं, तर समजा काम झालं.

पुढच्या भागात भेटू. तोवर राम राम.