आधी खोल्या मोजा, मग इंजिनिअर बोलवा

समजा, शनिवार पेठेतल्या जुन्या वाड्यांच्या दुरुस्तीचा सरासरी खर्च काढायचाय. इंजिनिअरची तपासणी महाग. म्हणून आधी चिठ्ठ्या टाकून 300 वाडे निवडा, नुसत्या खोल्या मोजा: सरासरी 12. त्यांतलेच 30 पुन्हा चिठ्ठीने काढून इंजिनिअरला दाखवा. सरासरी खर्च निघाला 6 लाख, पण तिथे खोल्या सरासरी 15! म्हणजे मोठे वाडेच हाती लागले. खोलीमागे 40 हजार, गुणिले 12. सुधारित अंदाज 4 लाख 80 हजार.

दुहेरी नमुन्याची ही कल्पना संख्याशास्त्रज्ञ नेमन यांनी 1938 साली मांडली.

मात्र खर्च खोल्यांवर नव्हे, वाळवीवर ठरत असेल, तर खटाटोप फुकट. ते 30 वाडे आलेखावर मांडा. ठिपके सैरावैरा दिसले, तर खोल्या मोजायचे पैसे इंजिनिअरलाच द्या.